३१ मार्चचं क्लोजिंग आणि १ एप्रिलचं ओपनिंग: दोन सिस्टीममधली शिल्लक जुळवण्याचा अनुभव

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग घाऊक विकते. हेड ऑफिस पुण्यात आहे, डेपो नाशिकला आणि कोल्हापूरला. हिशेबाची पुस्तकं हेड ऑफिसच्या टॅलीत असतात. डेपोची बिलं मात्र क्लाउडवरच्या वेगळ्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बनतात, कारण तिथल्या काउंटरला पार्टीची उधारीची मर्यादा आणि आजची बाकी त्याच क्षणी दिसावी लागते. दोघांच्या मध्ये एक कनेक्टर आहे. दर पंधरा मिनिटांनी तो बिलं बिलिंगमधून टॅलीत नेतो, आणि वसुलीच्या पावत्या, जेव्ही टॅलीतून बिलिंगमध्ये आणतो. वर्षभर हे बरं चालतं. एप्रिल उजाडला की पार्टीची टॅलीतली ३१ मार्चची बाकी आणि बिलिंगमधली १ एप्रिलची बाकी यांत फरक निघतो, आणि तो शोधण्यात पावसाळा येतो.

२०२४-२५ चं वर्ष बंद करताना हे काम माझ्याकडे आलं. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत जे केलं ते तारखांसकट लिहिते आहे. सॉफ्टवेअर तुमचं वेगळं असेल, पण फरक पडण्याच्या जागा बहुतेक ह्याच असतील.

फेब्रुवारी: फरक मुळात पडतो कुठे

वेळापत्रक ठरवण्याआधी दोन्ही सिस्टीम ओपनिंग शिल्लक कशी धरतात ते समजून घेतलं. टॅलीत आमची एकच कंपनी वर्षानुवर्षं पुढे चालू आहे, डेटा स्प्लिट केलेला नाही. त्यामुळे टॅलीतली १ एप्रिलची ओपनिंग म्हणजे ३१ मार्चपर्यंतच्या सगळ्या व्हाउचरची त्या घटकेला केलेली बेरीज. आज कुणी ३१ मार्चच्या तारखेची जेव्ही टाकली की ओपनिंग आपोआप बदलते. कुठे काही साठवलेलं नसतं.

बिलिंग सॉफ्टवेअरचं उलट आहे. वर्षबदलाचं बटण दाबलं की ते प्रत्येक पार्टीसाठी ओपनिंगची एक ओळ लिहून ठेवतं. त्यानंतर मार्चमध्ये काहीही हललं तरी ती ओळ जागची हलत नाही.

म्हणजे एक सिस्टीम दर वेळी मोजते, दुसरी एकदाच लिहिते. १ एप्रिलच्या सकाळी दोन्ही आकडे तंतोतंत जुळले, तरी १० एप्रिलला मार्चच्या तारखेची पहिली एंट्री पडताच ते वेगळे होणार. हे कागदावर मांडल्यावर कामाचे दोन भाग दिसले. ३१ मार्चच्या रात्री शिल्लक जुळवून ठेवणं हा एक. त्यानंतर महिनोन्‌महिने येणाऱ्या मार्चच्या एंट्र्यांसाठी ठरलेली वाट करून देणं हा दुसरा. आमच्याकडे आजवर सगळा जोर पहिल्यावरच होता.

१५ मार्च: रंगीत तालीम

ऑडिटर सरांनी सुचवलं, "२८ फेब्रुवारी हीच वर्षअखेर आहे असं समजून एकदा जुळवून बघा. जे मार्चअखेर बिघडणार आहे ते आत्ताच दिसेल." १५ मार्चला शनिवार होता, डेपोला गर्दी कमी होती. दोन्हीकडून २८ फेब्रुवारीची पार्टीवार बाकी एक्सेलमध्ये काढली, पार्टी कोडवर जोडली आणि फरकाचा रकाना केला. बिलिंगमधली येणे बाकी टॅलीपेक्षा २,७३,८४० रुपयांनी जास्त निघाली. फरक असलेल्या पार्ट्या मात्र मोजक्याच होत्या. एकेक उघडून पाहिल्यावर तीन कारणं हाती लागली.

पहिलं कारण सगळ्यात मोठं होतं: १,४६,३२० रुपये, सगळी बिलं नाशिक डेपोची. तिथून रात्री माल भरून गाड्या निघतात. २८ फेब्रुवारीच्या रात्री बारा वाजून गेल्यावर बनलेल्या बिलांवर तारीख १ मार्च होती आणि टॅलीत ती १ मार्चलाच पडली होती. बिलिंगचा बाकीचा रिपोर्ट मात्र ती फेब्रुवारीत धरत होता. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारल्यावर उलगडा झाला. त्यांचा सर्व्हर वेळ यूटीसीत ठेवतो, आणि आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हरच्या लेखी १ मार्च उजाडतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात बनलेलं प्रत्येक बिल रिपोर्टमध्ये आदल्या दिवसात जातं. एरवी महिनाभर हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी बेरीज सारखीच होते. वर्षाच्या सीमेवर मात्र तेच बिल चुकीच्या वर्षात जाऊन बसतं.

रिपोर्टच्या मागची क्वेरी अशी होती:

```sql
WHERE created_at < '2025-03-01 00:00:00'
```

ती बिलाच्या तारखेवर चालेल अशी करून घेतली:

```sql
SELECT customer_code, SUM(amount)
FROM ledger_entries
WHERE doc_date <= '2025-02-28'
GROUP BY customer_code;
```

`created_at` म्हणजे ओळ सर्व्हरवर कधी लिहिली गेली ती वेळ, आणि `doc_date` म्हणजे बिलावर छापलेली तारीख. हिशेबाला दुसरीच लागते. जीएसटीआर-१ सुद्धा बिलाच्या तारखेवरच भरतो, त्यामुळे यात वाद व्हायचं कारण नव्हतं. तुमच्याकडे असा संशय असेल तर तपासायची सोपी रीत आहे. कुठल्याही महिन्याच्या १ तारखेचं, मध्यरात्रीनंतर आणि पहाटे साडेपाचच्या आत बनलेलं एखादं बिल शोधा आणि आदल्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये ते येतं का बघा.

दुसरं कारण ९४,५०० रुपयांचं. कोल्हापूरच्या एका पार्टीने २६ फेब्रुवारीला पैसे भरले होते. बँक स्टेटमेंट जुळवताना ते सापडले, म्हणून टॅलीत ७ मार्चला २६ फेब्रुवारीच्या तारखेने पावती टाकली गेली. ही आमची रोजची पद्धत आहे आणि बरोबरच आहे. कनेक्टर मात्र टॅलीकडून "गेल्या तीन दिवसांच्या तारखेची व्हाउचर" मागायचा. ७ मार्चला तो ४ मार्चच्या मागे बघतच नव्हता. ती पावती बिलिंगला कधीच कळली नसती.

तिसरं ३३,०२० रुपयांचं. एका पार्टीने फर्मचं नाव बदललं, टॅलीत लेजरचं नाव बदललं गेलं, आणि डिस्काउंटची जेव्ही जुन्या नावाच्या शोधात कनेक्टरच्या "फेल" यादीत अडकून राहिली. कनेक्टरच्या पहिल्या पानावर फक्त "पेंडिंग" चा आकडा दिसतो आणि तो शून्य होता. "फेल" ची यादी दुसऱ्या पानावर आहे.

तिन्ही मिळून बरोबर २,७३,८४० झाले. फरकाचा पैसा न्‌ पैसा नावानिशी सापडला तेव्हा खूप हायसं वाटलं. "किरकोळ फरक" म्हणून एक आकडा राइट-ऑफ करायची वेळ आली असती, तर पुढे कशावरच भरवसा ठेवता आला नसता.

१७ ते २८ मार्च: कनेक्टरमधले बदल

कनेक्टरवाल्यांकडून दोन बदल करून घेतले. त्यांनी १५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७०० रुपये घेतले. काम सांगितल्यापासून हातात यायला जवळपास आठवडा गेला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे सगळ्यांचीच रांग असते, तेव्हा असं काही करायचं असेल तर फेब्रुवारीतच बोलून ठेवा.

पहिला बदल व्हाउचर निवडण्याचा. टॅलीत प्रत्येक व्हाउचरला `ALTERID` नावाचा एक चढता क्रमांक असतो. व्हाउचर नवं टाकलं किंवा जुनं बदललं की त्याला नवा, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा क्रमांक मिळतो. आता कनेक्टर तारीख बघून मागत नाही. "मागच्या खेपेला पाहिलेल्या `ALTERID` च्या पुढचं सगळं दे" असं मागतो, मग व्हाउचरची तारीख कुठलीही असो. २६ फेब्रुवारीची पावती ७ मार्चला टाकली तरी ती आता सुटत नाही. याला एक मर्यादा आहे. डिलीट केलेलं व्हाउचर या यादीत येत नाही, कारण ते तिथे उरलेलंच नसतं. म्हणून सिंक झाल्यावरही पार्टीवार बाकीची तुलना करावीच लागते. काय डिलीट झालं ते टॅलीच्या एडिट लॉगमध्ये सापडतं. कंपन्यांसाठी असा लॉग ठेवणारं आणि तो बंद न करता येणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे बहुतेकांकडे तो असेलच.

दुसरा बदल बिल क्रमांकाचा. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. नव्या वर्षात मालिका १ पासून सुरू करायला हरकत नसते आणि आम्ही तशीच करतो. पण तेच बिल दोनदा टॅलीत जाऊ नये म्हणून कनेक्टर "डेपो आणि क्रमांक" एवढीच खूण तपासत होता. १ एप्रिलला नाशिकचं १ नंबरचं बिल बनलं की त्याला वाटणार, हे तर गेल्या वर्षीच गेलंय. मग ते गुपचूप सोडून देणार, आणि "फेल" मध्येही दाखवणार नाही. आता क्रमांकातच वर्ष घातलं: `NSK/2526/00001`. ही चौदा अक्षरं होतात, नियमात बसतात, आणि कनेक्टर सगळा क्रमांक तपासतो.

याच दिवसांत सर्व्हरच्या शेड्यूलची वेळही पाहून घेतली. वर्षबदलाचं काम `0 0 1 4 *` असं लावलेलं होतं. वाचताना १ एप्रिलची मध्यरात्र वाटते, पण सर्व्हर यूटीसीवर असल्यामुळे ते आपल्याकडे पहाटे साडेपाचला चालणार होतं, आणि तोवर नाशिकला नव्या वर्षाची बिलं बनू लागलेली असतात. आपल्या मध्यरात्रीसाठी तिथे `30 18 31 3 *` लिहावं लागतं. आम्ही ते स्वयंचलित कामच काढून टाकलं. बाकी जुळल्याशिवाय ओपनिंग लिहिलं जाऊ नये, आणि जुळलं की नाही हे घड्याळाला कळत नाही. वर्षातून एकदा येणारं हे बटण माणसानेच दाबावं, असं माझं ठाम मत आहे.

२९ ते ३१ मार्च

२०२५ मध्ये ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा आला आणि ३१ ला सोमवारी रमजान ईद. डेपोंची माणसं अर्ध्या संख्येने असणार हे धरून, राहिलेल्या क्रेडिट नोटा आणि मालपरतीच्या एंट्र्या २९ च्या शनिवारीच पूर्ण करायला सांगितल्या. ३१ साठी असं ठरलं होतं: रात्री ८ वाजता डेपोंचं शेवटचं बिल. त्यानंतर कनेक्टर बंद करायचा नाही, रांगेतलं सगळं वाहून जाऊ द्यायचं. ९ वाजता "पेंडिंग" आणि "फेल" दोन्ही शून्य असतील तरच दोन्ही दिशांचं सिंक थांबवायचं. मग बॅकअप, मग पार्टीवार तुलना, आणि जुळल्यावरच वर्षबदल. सिंक पुन्हा सुरू होणार १ एप्रिलला सकाळी ८ वाजता. मधले अकरा तास कनेक्टर बंद.

आठच्या वेळेला नाशिकच्या डेपो इन्चार्जनी हरकत घेतली. "मॅडम, रात्रीची गाडी सोडली नाही तर सकाळी गॅरेजवाल्यांना माल मिळत नाही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. माल गोदामातून हलतो तेव्हा बिल झालेलं असावं लागतं, त्यामुळे गाडी रात्री अकराला निघू द्यायची आणि बिल सकाळी बनवायचं हा मार्गच नव्हता. तोडगा असा निघाला की त्या रात्रीच्या गाड्यांचा माल संध्याकाळी सातच्या आत मोजून बाजूला ठेवायचा, बिलं आठच्या आत मार्चच्या मालिकेत बनवायची आणि गाडी ताबडतोब सोडायची. जे आठच्या आत बसणार नाही ते सकाळी आठनंतर, नव्या मालिकेत. डेपोशी हे बोलणं आधी झालं नसतं तर रात्री साडेअकराला कुणीतरी एक बिल बनवलंच असतं, आणि जुळवलेली बाकी पुन्हा हलली असती.

आठ वाजता बिलं थांबली. सव्वाआठला "पेंडिंग" शून्य झालं, "फेल" मध्ये एक ओळ उरली होती. कोल्हापूरच्या नव्या पार्टीचं लेजर टॅलीत उघडलं नव्हतं. ते उघडून पुन्हा पाठवलं. नऊला सिंक थांबवलं आणि त्या घटकेला टॅलीतला शेवटचा `ALTERID` किती होता तो लिहून ठेवला. पुढच्या सगळ्या कामाला ही एक नोंद पुरली.

मग तुलना. टॅलीत डेटर्सची एकूण बाकी १,९२,४७,६१५ रुपये, आणि बिलिंगमध्येही १,९२,४७,६१५. एकूण जुळलं म्हटल्यावर शेजारची मंडळी उठायच्या तयारीत होती. पण पार्टीवार रकान्यात दोन ओळी लाल होत्या. एका पार्टीला बिलिंगमध्ये ६१,८०० जास्त, दुसरीला बरोबर तेवढेच कमी. दोन्ही फर्मची नावं जवळपास सारखी, एक नाशिकची आणि एक कोल्हापूरची. टॅलीत सुधारलेली पावती बिलिंगमध्ये जुन्याच पार्टीच्या नावावर राहिली होती. एकूण बेरजेत हे कधीच दिसलं नसतं. १ एप्रिलला एका पार्टीची उधारी विनाकारण अडली असती आणि दुसरीला मर्यादेबाहेर माल गेला असता. ते सरळ केलं आणि पुन्हा तुलना चालवली. सगळ्या ओळी शून्य झाल्या तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

बिलवार यादीसुद्धा मी तेव्हाच ताडून पाहिली. पार्टीची बाकी जुळते, पण टॅलीत पावती "ऑन अकाउंट" पडलेली असते आणि बिलिंगमध्ये ती एखाद्या बिलासमोर लागलेली असते. रक्कम तीच राहते, पण किती दिवसांची उधारी आहे ते दोन्हीकडे वेगळं दिसतं. अशा पार्ट्या बऱ्याच निघाल्या. त्या रात्री मी त्यांना हात लावला नाही, फक्त यादी करून ठेवली. हे काम एप्रिलमध्ये सावकाश केलं तरी चालतं, कारण त्याने शिल्लक बदलत नाही.

स्टॉकबद्दल थोडक्यात सांगते. पुण्याहून ३१ ला निघालेला माल कोल्हापूरला २ एप्रिलला पोहोचला. मधल्या काळात तो कुठल्याच गोदामात दिसत नाही आणि अखेरचा स्टॉक तेवढ्याने कमी भरतो. टॅलीत "वाटेतला माल" असं एक गोदाम उघडून ३१ तारखेला तो तिथे दाखवला, आणि पोहोच आल्यावर कोल्हापूरला हलवला.

साडेअकराला वर्षबदल केला. बिलिंगमध्ये प्रत्येक पार्टीची ओपनिंग ओळ लिहिली गेली, आणि तिच्या शेऱ्यात "तात्पुरती, ३१-०३, रात्री ९ ची स्थिती" असं घातलं.

१ एप्रिल

वार्षिक हिशेबासाठी बँका ग्राहकांना बंद होत्या, वसुलीच्या पावत्या फारशा येणार नव्हत्या. सिंक सुरू करायला असा निवांत दिवस चांगला. ३१ ला भरलेले चेक पास व्हायला पुढचे दिवस लागतात, पण ती बाब बँक रिकन्सिलिएशनची आहे. पार्टीच्या खात्यात पावती दोन्हीकडे ३१ चीच असते. बँकेच्या पासबुकातला आकडा घेऊन कुणी पार्टीची बाकी तपासायला बसू नये.

आठ वाजता आधी एकाच दिशेचं सिंक सुरू केलं, बिलिंगकडून टॅलीकडे. `NSK/2526/00001` आणि `KOP/2526/00001` टॅलीत १ एप्रिलच्या तारखेने पडलेली डोळ्यांनी पाहिली, मग दुसरी दिशा उघडली. दुपारी पुन्हा पार्टीवार तुलना केली, या वेळी चालू बाकीची. शून्य फरक.

एप्रिल ते जून: मार्च काही संपत नाही

खरं काम इथून पुढे होतं. मार्चच्या तारखेच्या एंट्र्या एप्रिलभर येतच राहतात. डेटर्सपुरतं बोलायचं तर वार्षिक उलाढालीवरचं डिस्काउंट, दराच्या फरकाच्या क्रेडिट नोटा, आणि मोठ्या पार्ट्यांनी कापलेला टीडीएस. हा शेवटचा प्रकार सगळ्यात उशिरा येतो. २०२४-२५ ला लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम १९४क्यू खाली पात्र खरेदीदार एका विक्रेत्याकडून वर्षात ५० लाखांच्या वर जेवढी खरेदी करायचा त्यावर ०.१ टक्का कापायचा. आमच्या एका पार्टीची वर्षाची खरेदी ८६ लाखांची होती, म्हणजे वरच्या ३६ लाखांवर ३,६०० रुपये. रक्कम लहान, पण पार्टीची बाकी तेवढ्याने फरकाची राहते. मार्चचा टीडीएस भरायची मुदत ३० एप्रिल आणि त्या तिमाहीच्या रिटर्नची ३१ मे. त्यामुळे आमच्या २६एएसमध्ये तो पूर्ण दिसायला जून उजाडतो, आणि तेव्हा मार्चच्या तारखेची जेव्ही पडते.

या एंट्र्या सिंकमधून बिलिंगमध्ये जाऊन बंद वर्षात बसल्या असत्या, आणि तिथलं ओपनिंग होतं तसंच राहिलं असतं. म्हणून कनेक्टरला सांगितलं की १ एप्रिल उजाडल्यावर, ज्या व्हाउचरची तारीख ३१ मार्च किंवा त्याआधीची असेल ते बिलिंगमध्ये थेट पाठवू नकोस, वेगळ्या यादीत ठेव. ही यादी म्हणजे ३१ च्या रात्री लिहून ठेवलेल्या `ALTERID` च्या पुढची, पण मार्चअखेरपर्यंतच्या तारखेची सगळी व्हाउचर. ठरलेल्या दिवशी ती उघडायची, टॅलीतली ३१ मार्चची बाकी पुन्हा काढायची, आणि प्रत्येक पार्टीचा फरक यादीतल्या व्हाउचरनी पूर्ण समजतो का ते बघायचं.

समजला की बिलिंगमध्ये जुनी ओपनिंग ओळ न बदलता तिच्याखाली "ओपनिंग दुरुस्ती" ची वेगळी ओळ टाकायची, टॅलीच्या व्हाउचर क्रमांकासकट. जुनी ओळच बदलावी असं सॉफ्टवेअरवाल्यांचं मत होतं, कारण ते त्यांना सोपं पडतं. मी तयार झाले नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पार्ट्यांना बाकीची पत्रं गेलेली असतात. ओपनिंग मागाहून बदललं तर पार्टीकडचं पत्र आणि आपली स्क्रीन यांत फरक दिसतो, आणि तो का आहे हे काउंटरवरच्या माणसाला सांगता येत नाही. दुरुस्तीची ओळ असली की तो सांगू शकतो, "पत्र गेल्यानंतर अमुक क्रेडिट नोट मार्चच्या तारखेने पडली."

पहिली फेरी ९ एप्रिलला ठेवली, कारण ११ तारखेला मार्चचा जीएसटीआर-१ भरायचा होता आणि क्रेडिट नोटा त्याआधी पक्क्या व्हायला हव्या होत्या. दुसरी ५ मेला, तिसरी जूनच्या मध्यावर, २६एएस पाहून झाल्यावर. ९ एप्रिलच्या फेरीत एका पार्टीचा ८,२५० रुपयांचा फरक यादीतल्या कुठल्याच व्हाउचरने समजेना. एडिट लॉग उघडल्यावर दिसलं की मार्चमधली दुबार पडलेली एक जेव्ही ३ एप्रिलला डिलीट झाली होती. दुरुस्ती योग्यच होती, पण `ALTERID` च्या यादीला ती दिसणं शक्य नव्हतं. त्यानंतर मार्चची व्हाउचर डिलीट करायची नाहीत, उलट एंट्री टाकायची, असा नियम केला.

मेमध्ये बिलवार यादीतल्या "ऑन अकाउंट" पावत्या पार्ट्यांना विचारून बिलांसमोर लावल्या. हे कंटाळवाणं काम आहे आणि फोनवरच होतं. ज्या पार्टीची जुनी उधारी सगळ्यात मोठी दिसते तिच्यापासून सुरुवात केली तर उपयोग लवकर दिसतो.

जूनच्या फेरीत टीडीएसच्या जेव्ही आल्या आणि दुरुस्तीच्या ओळी टाकल्यावर प्रत्येक पार्टीचा फरक शून्य झाला. त्याच संध्याकाळी टॅलीत युजरच्या सिक्युरिटीत मागच्या तारखेच्या व्हाउचरसाठीची कट-ऑफ तारीख लावली, म्हणजे ३१ मार्चपर्यंतची एंट्री आता माझ्या आणि ऑडिटर सरांच्या लॉगिनशिवाय पडत नाही. ऑडिटच्या शेवटच्या दुरुस्त्यांसाठी एक फेरी राखून ठेवली आहे. त्या आल्या की याच रीतीने यादी निघेल, ओळी टाकल्या जातील, आणि बिलिंगमधल्या ओपनिंगवरचा "तात्पुरती" हा शेरा काढला जाईल.